उपकरणी उजळताना : चिंच, राख आणि बाटलीतलं पॉलिश

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आमच्या दत्तमंदिरात मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला गुरुचरित्राचा सप्ताह बसतो आणि पौर्णिमेला जन्मकाळ होतो. सप्ताहाच्या आदल्या दिवशी, म्हणजे सप्तमीला, पूजेची सगळी उपकरणी मागच्या पडवीत काढून घासायची, ही आम्हा सात-आठ बायकांची सेवा. मी ती तीस वर्षांहून जास्त करते आहे. या सेवेत माझ्या हातून दोन चुका झाल्या. एक वासावरून लगेच कळली, दुसरी कळायला बरीच वर्षं गेली. त्या दोन्ही चुकांतून जे शिकले ते इथे मांडते आहे. दत्तजयंतीच्या निमित्ताने घरोघरी देव उजळले जातात, तेव्हा कुणाला तरी उपयोग होईल.

पहिली चूक पॉलिशची. एका वर्षी आम्ही दोघी-तिघीच होतो आणि भांडी नेहमीचीच. कुणीतरी बाजारातून पितळेला लावायच्या पातळ पॉलिशची बाटली आणून दिली होती. फडक्यावर घेऊन चोळायचं आणि कोरड्या फडक्यानं पुसायचं, एवढंच काम. समई, घंटा, ताम्हण, पंचपात्र, पळी, सगळं तासाभरात असं झळकलं की आम्हीच एकमेकींकडे बघत राहिलो. पंचपात्र पाण्यानं विसळूनही ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, तीर्थ वाटायला सुरुवात झाली, आणि रांगेतल्या एका आजोबांनी ओंजळ नाकाजवळ नेऊन हळूच विचारलं, "काकू, तीर्थाला रॉकेलसारखा वास का येतोय?"

गुरुजींनी पळी खाली ठेवली. मला एक शब्द बोलले नाहीत. आत जाऊन दुसरं पात्र घेतलं, नवं तीर्थ केलं, आणि ते पहिलं बाहेर नेऊन ओतून टाकलं. त्या दिवशी मला जे वाटलं ते लिहीत नाही. पण घरी आल्यावर बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून पहिल्यांदा वाचली, आणि तिथून माझा या विषयाचा अभ्यास सुरू झाला.

काळं का पडतं

तिन्ही धातू काळे पडतात, पण तिघांचं काळं एक नाही. हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

तांबं काळपट होतं ते हवेतल्या प्राणवायूमुळे. त्यावर एक पातळ थर चढतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, त्यामुळे तेही तसंच मंद होतं. हा थर आंबट पदार्थात विरघळतो. चिंचेत आणि लिंबात जे आम्ल आहे ते हा थर सोडवून घेतं आणि खालचं ताजं तांबं उघडं पडतं. मीठ घातलं की हे काम जास्त जलद होतं. म्हणून नुसत्या लिंबापेक्षा मिठात बुडवलेली लिंबाची फोड ताम्हणावरून फिरवली की फोडीच्या मागोमाग गुलाबी वाट उमटत जाते.

चांदीचं काळं मात्र गंधकाचं. हवेत थोडा गंधक असतोच, आणि अंडं, कांदा, लोकर, रबर यांच्यापाशी तो जास्त असतो. चांदी आणि गंधक मिळून जो काळा थर होतो तो चिंचेला दाद देत नाही. चांदीच्या वाटीवर तुम्ही कितीही वेळ चिंच चोळा, जे थोडंफार निघतं ते चोळण्यामुळे निघतं, आंबटपणामुळे नाही. म्हणजे चिंच लावून आपण चांदीला उगीच खरवडत असतो. पितळेबरोबर चांदीचं निरांजनही त्याच घमेल्यात टाकायची सवय बहुतेक घरांत आहे. ती आधी सोडावी.

ताम्हण आणि पंचपात्र : चिंच, मग राख

आता सप्तमीची आमची रीत सांगते. तांब्याची दोन ताम्हणं, पंचपात्र, पळी आणि कलश, एवढ्या भांड्यांसाठी मोठ्या लिंबाएवढा जुन्या चिंचेचा गोळा घेते. वाटीभर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवते आणि हातानं कोळून दाटसर कोळ काढते. त्यात एक लहान चमचा मीठ. तुमच्याकडची चिंच मीठ लावून भरून ठेवलेली असेल तर वेगळं मीठ घालू नका. चोथा टाकायचा नाही, घासायला तोच चांगला. त्यात चिंचोका राहिलेला नाही एवढं बघायचं, कारण चिंचोका ओरखडे पाडतो.

भांडं आधी साध्या पाण्यानं धुऊन अष्टगंध, हळदकुंकू, वाळलेलं दूध काढून टाकायचं. मग कोळ लावायचा आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. जास्त नाही. तेवढ्यात रंग बदलतोच. मग चोथ्यानं हलक्या हातानं घासून, पाण्यानं पूर्ण विसळून घ्यायचं. कोपऱ्यांत, पळीच्या नागफणीत आणि कलशाच्या गळ्याशी बोट घालून विसळायचं.

इथपर्यंत सगळ्या बायका करतात. पुढची पायरी मात्र आता घरांतून गेली आहे, कारण चुली गेल्या. ती पायरी म्हणजे राख. पूर्वी चिंच लावल्यावर राखेनं घासत, ते केवळ चमक येण्यासाठी नव्हतं. राखेत खार असतो. त्याच खारामुळे जुन्या बायका राखेच्या निवळीनं कपडे धूत. हा खार भांड्यावर राहिलेला आंबटपणा मारतो, आणि राखेचा बारीक कण पृष्ठभाग हलकेच घोटतो. आंबटानं थर सोडवायचा आणि खारानं आंबट थांबवायचं, अशी ती जोडी आहे. मधलं एक गाळलं तर काम अर्धं राहतं.

याची परीक्षा सोपी आहे. पुष्कळ जणी म्हणतात, "चिंचेनं घासलं की दोन दिवसांत पुन्हा काळं पडतं, त्यापेक्षा पॉलिश बरं." त्यांची भांडी पाहिली तर डाग सगळीकडे नसतात. काठाच्या वळणात, नक्षीत, बुडाच्या कडीपाशी असतात, आणि तिथे थोडी हिरवट छटा असते. म्हणजे तिथे मीठ आणि चिंच राहिली आहे. दोष चिंचेचा नाही, विसळण्याचा आहे. राखेनं घासून तीन पाण्यांतून काढलं आणि लगेच कोरडं केलं, तर आमचं ताम्हण सप्ताहभर नीट राहतं.

राख लाकडाची घ्यावी. कोळशाची किंवा कागद-प्लॅस्टिक जाळलेल्या कचऱ्याची नको. शेणीची राख चालते, पण तिच्यात खरखरीत कण जास्त असतात. कुठलीही राख मलमलीच्या फडक्यातून चाळून घ्यायची आणि चिमूटभर अंगठ्याच्या नखावर चोळून पाहायची. कचकच लागली तर पुन्हा चाळायची. एक वाटी चाळलेली राख आमच्या सगळ्या भांड्यांना पुरते. ओली करून लावायची, म्हणजे नाकात जात नाही. खारामुळे हाताची कातडी कोरडी पडते, भेग असेल तर झोंबते, म्हणून वयस्कर बायकांनी हातमोजे घालावेत किंवा नंतर खोबरेल लावावं. आणि हो, देवापुढचा अंगारा या कामाला घेऊ नये. तो कपाळी लावायचा, भांडी घासायचा नाही. राख मिळतच नसेल तर खाण्याचा सोडा चमचाभर ओला करून लावा. घोटण्याचं काम तो राखेइतकं करत नाही, पण आंबटपणा मारतो.

शेवटी पुसणं. तांबं निथळत ठेवलं की जिथे थेंब वाळतो तिथे डाग पडतो. तिसऱ्या पाण्यातून काढलं की लगेच सुती फडक्यानं कोरडं करायचं, मग दहा मिनिटं उन्हात पालथं घालायचं.

समई : राख आधी, चिंच मागून

आमच्या पुजाऱ्यांची सून नवी आली तेव्हाची गोष्ट. तिनं समयांना माझ्या सांगण्याप्रमाणे चिंच लावली, तासभर हात दुखेपर्यंत घासलं, आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, ताम्हणाला लावली तीच चिंच, पण इथे कामच करत नाहीये."

चूक तिची नव्हती, मी सांगायला विसरले होते. समईवर वर्षभराचं तेल आणि काजळी बसून घट्ट चिकट थर झालेला असतो. चिंचेचं पाणी तेलाखाली जाऊच शकत नाही. म्हणून तेलाच्या भांड्याला क्रम उलटा. समई सुटी करायची, वातीचं काजळ लाकडी काडीनं खरवडायचं, सोसवेल इतक्या गरम पाण्यात सगळे भाग अर्धा तास ठेवायचे, आणि कोरड्या राखेनं घासायचं. राखेतला खार तेलाला धरून त्याचं साबणासारखं करतो, आणि कण तेल शोषून घेतात. काळा लगदा निघतो तो पुसून टाकायचा. पाणी थेंबाथेंबानं न थांबता सारखं पसरायला लागलं की तेल गेलं असं समजायचं. मग चिंच, आणि शेवटी पुन्हा थोडी राख. त्या मुलीला हे दाखवलं आणि पंधरा मिनिटांत समईची पहिली तबकडी पिवळी झाली.

पितळेच्या बाबतीत आणखी एक सांगायचं. चिंच लावून भांडं ठेवलं आणि आपण चहाला गेलो, तर परत येईपर्यंत पितळेवर गुलाबी-तांबूस डाग आलेले दिसतात. पुष्कळांना वाटतं, दुकानदारानं फसवलं, आत तांबं निघालं. तसं नाही. आंबटानं पितळेतलं जस्त आधी ओढून घेतलं आणि वरवर तांबं राहिलं. डाग वरचेवरच असेल तर कोरड्या राखेनं चोळून जातो. पण दर वर्षी असं झालं तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मग जास्त लवकर काळा पडतो. म्हणून पितळेला दोनच मिनिटं, आणि तांब्याची भांडी घासून उरलेला कोळ पितळेला लावायचा नाही, ताजा घ्यायचा. तारेची घासणी तर अजिबात नको. नारळाचा काथ्या मऊ कुटून घेतला की पुरे.

अलीकडे भेट म्हणून येणाऱ्या नव्या समया आणि घंटांवर कारखान्यातच एक पारदर्शक थर दिलेला असतो. अशा वस्तूला चिंच लागत नाही, किंवा थर जिथे उडाला आहे तेवढाच ठिपका उजळतो आणि वस्तू कबरी दिसते. न दिसणाऱ्या जागी चिंचेचा एक थेंब ठेवून बघा. दोन मिनिटांत रंग हलला नाही तर वर थर आहे. ती वस्तू नुसती ओल्या फडक्यानं पुसावी.

बाटलीतल्या पॉलिशची खरी जागा

आता पॉलिशकडे येते. बाटली वाचून, विचारून जे कळलं ते असं. पितळेच्या पातळ पॉलिशमध्ये साधारण तीन गोष्टी असतात. घासायची अगदी बारीक पावडर, डाग सोडवायला अमोनियासारखं रसायन, आणि हे सगळं पातळ ठेवणारं रॉकेलच्या जातीचं द्रव. घासून झाल्यावर धातूवर एक तेलकट पापुद्रा मागे राहतो. पॉलिशची चमक चिंचेपेक्षा जास्त दिवस टिकते ती या पापुद्र्यामुळे, कारण तो हवा अडवतो.

माझ्या पंचपात्राला वास आला तो याच पापुद्र्याचा. तेलकट पापुद्रा नुसत्या पाण्यानं विसळून जात नाही. मी विसळलं होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. म्हणजे जो गुण समईच्या दांड्यावर चांगला, तोच पंचपात्रात दोष. तीर्थ, नैवेद्य, पंचामृत, जे जे कुणाच्या मुखात जायचं, त्या भांड्याला हे पॉलिश आतून लावायचं नाही. चुकून लागलंच तर साबण आणि गरम पाण्यानं दोनदा धुवायचं, राखेनं घासायचं, मग पाणी भरून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि त्या पाण्याचा वास घ्यायचा. वास असेल तर पुन्हा.

दुकानात मिळणारी तांब्या-पितळेची पावडर वेगळी. त्यात सहसा आंबट क्षार, घासायची भुकटी आणि साबणासारखं काहीतरी असतं, म्हणजे चिंच आणि राख यांचीच कोरडी भावंडं. घाईच्या दिवशी ती वापरायला माझी हरकत नाही. वेळ तेवढीच, दोन-तीन मिनिटं, आणि विसळणं तसंच तीन पाण्यांचं.

तर मग पातळ पॉलिश वापरायचंच नाही का? तसंही नाही. आमच्या गाभाऱ्याच्या चौकटीला पितळेचा पत्रा ठोकलेला आहे. आधी आम्ही तोही चिंचेनं घासायचो. पत्रा काढून विसळता येत नाही. चिंचेचं पाणी ओघळून पत्र्यामागे लाकडात जायचं, आणि काही महिन्यांनी खिळ्यांभोवती हिरवी कड उगवायची. तिथे खरोखर पॉलिशच योग्य, कारण ते पुसून संपतं, पाणी लागत नाही, आणि त्या चौकटीतून कुणी काही पीत नाही. टांगलेली मोठी घंटा, कठडा, दाराच्या कड्या, यांचंही तेच.

म्हणून आता आमचा नियम असा आहे. जे विसळता येतं ते चिंच-राखेनं. जे विसळता येत नाही आणि मुखाशी संबंध नाही, त्याला पॉलिश. चांदीला दोन्ही नको.

पॉलिश लावताना समई, निरांजन, उदबत्ती सगळं शांत करायचं. ते द्रव पेट घेतं आणि गाभारा लहान असतो. दार उघडं ठेवायचं. वाटाण्याएवढं पॉलिश फडक्यावर घ्यायचं, पातळ लावायचं, पांढुरकं वाळलं की कोरड्या फडक्यानं घोटायचं. नक्षीत राहिलेली पांढरी पूड मऊ ब्रशनं काढायची. वापरलेलं फडकं दिव्यांजवळ ठेवायचं नाही.

पादुकांचं कवच : माझी दुसरी चूक

आमच्या संप्रदायात पादुकांचं स्थान काय ते वाचकांना सांगायला नको. आमच्या मंदिरात पादुकांवर ठेवायचं चांदीचं कवच आहे. लाकडाच्या पाटावर चांदीचा पत्रा, त्यावर दोन पावलं आणि पावलांवर शंख, चक्र, पद्म अशी चिन्हं उठवलेली. दर गुरुवारी आणि दर पौर्णिमेला ते लख्ख दिसावं म्हणून मी पांढऱ्या भुकटीनं ते चोळत असे. कधी चांदीचं पॉलिश, कधी टूथपेस्ट, कधी चाळलेली रांगोळी. लोक म्हणायचे, "काकूंनी कवच नव्यासारखं ठेवलंय." मला आनंद व्हायचा.

काही वर्षांपूर्वी कवचाचा एक खिळा सैल झाला म्हणून ते चांदीच्या एका जुन्या कारागिराकडे नेलं. त्यांनी ते तिरकं धरून उजेडात फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. म्हणाले, "ताई, हे पद्म कुठे आहे सांगा."

पद्म नव्हतं. म्हणजे जागा होती, पण पाकळ्या नव्हत्या. गुळगुळीत उंचवटा होता. उजव्या अंगठ्याची रेषाही गेलेली. कवच जिथे जिथे वर आलेलं, तिथे तिथे ते झिजलं होतं, कारण फडकं तिथेच जास्त दाबलं जातं. "चांदी मऊ असते," ते म्हणाले. "काळा थर हा चांदीचाच झालेला असतो. तुम्ही तो घासून काढता तेव्हा तेवढी चांदी फडक्यावर येते. फडकं काळं झालं ना, ती मळ नव्हे, ती चांदी." तीस वर्षं दर आठवड्याला मी देवाच्या पायावरची चिन्हं माझ्याच हातानं पुसत आले होते. सेवा समजून.

तेव्हापासून चांदीची रीत बदलली. ती अशी.

पहिलं, चांदी काळी पडूच द्यायची नाही. पूजा झाली की साध्या पाण्यानं किंवा ओल्या फडक्यानं गंध-फूल काढून, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं कोरडं करायचं. रोज एवढं केलं तर थर बसायला फार वेळ लागतो. ठेवताना सुती फडक्यात गुंडाळून, हवा काढलेल्या पिशवीत. वर रबरबँड लावायचा नाही, रबरात गंधक असतो आणि जिथे तो टेकतो तिथे काळी रेघ उमटते. लोकरीच्या कापडातही नको.

दुसरं, मंद झालेल्या चांदीला रिठा. पाच-सहा रिठे फोडून बिया काढून टाकायच्या, दोन वाट्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी चोळून गाळून घ्यायचं. त्या फेसाच्या पाण्यात मऊ फडकं बुडवून चांदी पुसायची, स्वच्छ पाण्यानं धुवायची, कोरडी करायची. यानं तेल, गंध, हाताचा मळ जातो आणि पुष्कळदा तेवढंच पुरतं. आपल्याला काळं वाटतं त्यातलं बरंच नुसतं मळकट असतं.

तिसरं, खरोखर काळी पडलेली भरीव चांदी, म्हणजे वाटी, पेला, निरांजन, तबक. हिच्यासाठी न घासता करायचा उपाय आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात, किंवा साध्या पातेल्यात तळाला अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत कागद पसरून, चांदी त्याला टेकेल अशी ठेवायची. लिटरभर उकळतं पाणी, दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, एक लहान चमचा मीठ. दोन ते पाच मिनिटांत काळं उतरतं आणि सडक्या अंड्यासारखा थोडा वास येतो. तो निघून जाणारा गंधक. इथे गंधक चांदीला सोडून अ‍ॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी भांड्यावरच राहते, फडक्यावर येत नाही. मग चिमट्यानं काढून धुवायचं आणि पुसायचं. चांदी कागदाला टेकली नाही तर काही होत नाही. बहुतेकांचं इथेच फसतं. आणि ते पातेलं नंतर स्वयंपाकाला घ्यायचं नाही.

पण हा उपाय सगळ्याला नाही. लाकडावर पत्रा असलेलं कवच, आत लाख किंवा राळ भरलेला मुखवटा, खडे बसवलेला मुकुट, यांना गरम पाण्यात घालायचं नाही. लाख मऊ पडते, लाकूड फुगतं, खडा सुटतो. मुलामा दिलेल्या वस्तूही घालू नयेत. त्यांना फक्त रिठा, आणि तोही फडक्यानं. चांदीच्या पाण्यात बुडवायच्या तयार द्रावणाचंही असंच. ते काळं झटकन घालवतं, पण त्या थरातली चांदी घेऊन जातं, आणि मुखाशी येणाऱ्या भांड्याला तर ते नकोच.

आमच्या कवचाच्या नक्षीच्या खोलगट भागात आता थोडं काळं राहतं. मी ते राहू देते. कारागीर म्हणाले तेच खरं, त्या काळ्यामुळे तर शंख-चक्र डोळ्यांना दिसतात. पद्माच्या पाकळ्या परत उठवून घ्यायचा विचार मंडळींत झाला होता. पण पत्रा तिथे इतका पातळ झाला आहे की ठोका बसला तर फुटेल, असं त्यांनी सांगितलं. तसंच ठेवलं आहे.

घासण्याइतकंच, काय ठेवायचं तेही

एक शेवटचं सांगते, कारण ते घासण्याला जोडूनच आहे. नुकतंच चिंचेनं उजळलेलं तांबं हे उघडं तांबं असतं. त्यावरचा थर आपण काढलेला असतो. अशा ताम्हणात दह्या-मधाचं पंचामृत अभिषेकानंतर दुपारपर्यंत राहिलं, तर दह्याचा आंबटपणा तेच करतो जे चिंचेनं केलं. तांबं सोडवून स्वतःत घेतो. दही कळकतं. चव तुरट-धातूसारखी लागते, कडेला हिरवट झाक येते. ते पोटात गेलं तर मळमळ आणि उलटी होते. घरात नातवंडं असतात, मंदिरात उपाशी पोटानं आलेली वयस्कर माणसं असतात. म्हणून अभिषेक ताम्हणात झाला तरी पंचामृत लगेच चांदीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढायचं, आणि कळकलेलं वाटायचं नाही. तांब्याच्या पात्रात फक्त पाणी, हा जुन्या माणसांचा नियम आम्ही आता काटेकोर पाळतो.

यंदाच्या सप्तमीला पडवीत तीन घमेली मांडली होती. एक तांब्याचं, एक पितळेचं, आणि तिसरं रिठ्याच्या पाण्याचं. पुजाऱ्यांची सून आता नव्या मुलींना शिकवते. एकीनं चौकटीचं पॉलिश पंचपात्राजवळ आणून ठेवलं, तेव्हा मी बोलायच्या आधीच तिनं बाटली उचलून दाराबाहेर ठेवली. संध्याकाळी पंचपात्रात पाणी भरून मी सवयीनं वास घेतला. तुळशीचा आला.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥